साहेबांचा ३० टक्के हिस्सा जर्मन ताळेबंदात कमी का दिसतो

प्रश्न: आमच्या भोसरीतल्या छोट्या कंपनीत जर्मन कंपनीने ७० टक्के हिस्सा घेतला. उरलेला ३० टक्के जुन्या साहेबांकडेच आहे. आता ग्रुपच्या ताळेबंदाचं इंग्रजी भाषांतर आलंय. त्यात आमच्यामुळे आलेलं गुडविल आहे, पण आमच्या पुस्तकात ते कुठेच नाही. मायनॉरिटी इंटरेस्टचा आकडा आमच्या नेटवर्थच्या ३० टक्क्यांशी जुळत नाही, आणि वर्षभर नफा होऊनही तो कमी झालाय. कन्सॉलिडेशन ॲडजस्टमेंट नेमक्या कशाच्या? मला काही एन्ट्री करायची आहे का? साहेब रोज विचारतात.

उत्तर:

एन्ट्री काहीही करायची नाही. हे आधी सांगतो, कारण चूक इथेच होते. माझ्या एका क्लायंटकडे अकाउंटंटने ग्रुपशी मेळ बसावा म्हणून टॅलीत जेव्ही टाकली होती: गुडविल नावे, कॅपिटल रिझर्व्ह जमा. माणूस प्रामाणिक होता, त्याला वाटलं आपलं काहीतरी राहून गेलंय. ऑडिटमध्ये ती एन्ट्री सापडली, पण तोपर्यंत फुगलेल्या नेटवर्थचं स्टेटमेंट बँकेत जाऊन आलं होतं, आणि ते परत घेताना सगळ्यांचीच दमछाक झाली. शेअर्सची खरेदी जर्मन कंपनी आणि साहेब यांच्यात झाली. तुमच्या कंपनीने काही विकलं नाही, काही विकत घेतलं नाही. सभासदांच्या रजिस्टरमध्ये नाव बदललं, एवढाच तुमच्याकडे फरक. गुडविल, मायनॉरिटी आणि ॲडजस्टमेंट या तिन्ही गोष्टी जर्मनीत सगळ्या ग्रुपचे हिशोब एकत्र करतात त्या कन्सॉलिडेशनच्या कागदावर जन्मतात आणि तिथेच राहतात. तुम्हाला त्या पुस्तकात आणायच्या नाहीत, पण त्या कशा निघाल्या हे मात्र तुम्हाला पुन्हा काढता आलं पाहिजे.

जुळवायला बसण्याआधी तारीख बघा. बहुतेक जर्मन कंपन्यांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, तुमचं ३१ मार्चला. उपकंपनीचा ताळेबंद ग्रुपच्या तारखेपेक्षा तीन महिन्यांहून जुना असेल तर जर्मन व्यापारी कायद्याच्या कलम २९९ प्रमाणे ग्रुपच्या तारखेला वेगळे हिशोब काढावे लागतात. तुमचा मार्च तर नऊ महिने जुना. म्हणजे ग्रुपमध्ये गेलेला आकडा तुम्ही जानेवारीत ग्रुपला पाठवलेल्या डिसेंबरअखेरच्या हिशोबाच्या पॅकेजमधला आहे, ऑडिट झालेल्या ताळेबंदातला नाही. माझ्याकडे असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण मार्चची नेटवर्थ घेऊन डिसेंबरच्या आकड्याशी झटत असतात.

दुसरी गोष्ट भाषांतराची. जर्मन ताळेबंदात गुडविलला जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ 'धंद्याचं किंवा फर्मचं मूल्य' असा होतो. भाषांतर करणाऱ्याला हिशोबाचा गंध नसेल तर तो इंग्रजीत 'कंपनी व्हॅल्यू' लिहून मोकळा होतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही आपल्या कंपनीची किंमत. ती किंमत नाही, ते गुडविलच आहे. त्यांच्याकडे ताळेबंदाच्या दोन बाजूंना 'आक्टिवा' आणि 'पासिवा' म्हणतात. म्हणून 'पॅसिव्ह डिफरन्स फ्रॉम कॅपिटल कन्सॉलिडेशन' असं काही दिसलं तर ते भांडवल आणि देण्यांच्या बाजूचं, म्हणजे उलटं गुडविल: कंपनी तिच्या मालमत्तेच्या वाट्यापेक्षा स्वस्तात मिळाली. मायनॉरिटीसाठी पूर्वी 'इतर भागधारकांच्या हिश्श्याची समायोजन बाब' अशा अर्थाचा लांबलचक शब्द असायचा. त्याचं 'कॉम्पेन्सेशन आयटेम' झालेलं मी वाचलेलं आहे. नुकसानभरपाईचा तिथे काही संबंध नाही. आता कायद्यातला शब्द 'नियंत्रण नसलेले हिस्से' असा आहे, पण भाषांतरात मायनॉरिटी इंटरेस्टच चालू राहतं, आणि आपल्या अकाउंटिंग स्टँडर्ड २१ मध्येही तोच शब्द असल्यामुळे तुम्हाला तो ओळखीचा वाटणार.

आकडे वाचतानाही जपून. त्यांच्याकडे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो. २९०.००० म्हणजे दोन लाख नव्वद हजार. कॉलमच्या डोक्यावर टी आणि त्याला लागून युरोचं चिन्ह असेल तर आकडे हजारात आहेत. भाषांतर करताना शब्द बदलतात, पण आकडे तसेच चिकटवलेले असतात, म्हणून एकाच पानावर दोन पद्धती सापडू शकतात.

आता मुख्य हिशोब. तुम्ही आकडे दिले नाहीत, म्हणून मी सोपे धरतो. तुमचे खरे आकडे यात घालून बघा.

समजा खरेदीच्या दिवशी तुमचं शेअर भांडवल १०० लाख आणि राखीव निधी ५५० लाख, म्हणजे पुस्तकातली नेटवर्थ ६५० लाख. जर्मन कंपनीने ७० टक्क्यांसाठी ८८० लाख मोजले. त्या दिवशीचा युरोचा दर ८० रुपये धरू.

८८० मधून ६५० चे ७० टक्के, म्हणजे ४५५ लाख वजा केले की राहिलं ते गुडविल, असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. आपल्या स्टँडर्ड २१ मध्ये पुस्तकी किमतीवरच हिशोब होतो, त्यामुळे ती सवय आहे. जर्मन कायद्याच्या कलम ३०१ मध्ये तसं नाही. तिथे खरेदीच्या दिवशी तुमच्या प्रत्येक मालमत्तेची आणि देण्याची नव्याने किंमत लावावी लागते. तुमच्या शॉपफ्लोअरवरची सीएनसी मशिनं घ्या. कंपनी कायद्याच्या घसाऱ्याने ती पुस्तकात १५० लाखांवर आली असतील, पण मूल्यांकन करणाऱ्याने बाजारभावाने ३५० लाख धरली. म्हणजे मालमत्ता २०० लाखांनी वाढली. पण आपल्याकडचं आयकर खातं ही वाढ ओळखत नाही. तिथे ब्लॉकची जुनी डब्ल्यूडीव्ही तशीच चालू राहते, आणि या जादा २०० लाखांवर घसाऱ्याची वजावट कधीच मिळणार नाही. म्हणून सुमारे २५ टक्के दराने ५० लाखांचं डिफर्ड टॅक्स देणं धरतात. ६५० अधिक २०० उणे ५०, म्हणजे ८०० लाख. ही ग्रुपच्या नजरेतली तुमची निव्वळ मालमत्ता.

```
गुडविल    = ८८० − (८०० × ७०%) = ८८० − ५६० = ३२० लाख
मायनॉरिटी = ८०० × ३०%                      = २४० लाख
```

युरोत सांगायचं तर ११ लाख दिले, ७ लाखांची मालमत्ता वाट्याला आली, ४ लाख गुडविल, आणि मायनॉरिटी ३ लाख.

तुमच्या पुस्तकावरून ३० टक्के काढले की १९५ लाख येतात, ग्रुपकडे मात्र २४०. मधले ४५ लाख म्हणजे कर वजा जाता मशिनांच्या वाढलेल्या १५० लाखांतला साहेबांचा ३० टक्के वाटा. तुमचा पहिला फरक इथे सुटतो. या ४५ लाखांवर जरा थांबा, कारण साहेबांना समजवायला तीच जागा सर्वात सोपी आहे. ग्रुपच्या ताळेबंदात तुमची मशिनं ७० टक्के नाही, १०० टक्के धरतात, आणि तीही ३५० लाखांना. शॉपफ्लोअर अख्खा ग्रुपच्या हुकमाखाली आहे, म्हणून मालमत्ता पूर्ण दाखवायची. पण त्यातली ३० टक्के दुसऱ्याची आहे, म्हणून तेवढी रक्कम भांडवलाच्या बाजूला दुसऱ्याच्या नावाने दाखवायची. मायनॉरिटी इंटरेस्ट म्हणजे एवढंच. ते कर्ज नाही, कारण ग्रुप ते कुठल्या तारखेला फेडणार नसतो. म्हणून ते भांडवलाच्या गटातच, पण वेगळ्या ओळीवर असतं.

गुडविल मात्र फक्त ७० टक्क्यांचं आहे. जर्मन कंपनीने जेवढं विकत घेतलं तेवढ्याचंच. साहेबांच्या ३० टक्क्यांसाठी कोणी पैसे मोजले नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याचं गुडविल जर्मन कायद्यात दाखवत नाहीत. आयएफआरएसवर चालणाऱ्या ग्रुपला तेही दाखवण्याची मुभा आहे. तुमचा ग्रुप कशावर चालतो हे नोट्सच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. तिथे आयएफआरएसचा किंवा कलम ३१५ई चा उल्लेख असेल तर नियम वेगळे: गुडविलवर दरवर्षी घट लावायची नाही, फक्त त्याची किंमत टिकून आहे का याची वर्षातून एकदा चाचणी घ्यायची. निव्वळ जर्मन कायद्यावर असेल तर गुडविल दरवर्षी कमी होतं, आणि त्याचं आयुष्य खात्रीने ठरवता येत नसेल तर १० वर्षं धरतात. मी पुढचा हिशोब या दुसऱ्या पद्धतीने करतो.

पहिलं वर्ष संपलं. जानेवारी ते डिसेंबर तुमचा करानंतरचा नफा १०० लाख. साहेब म्हणणार, माझे ३० लाख. ग्रुपच्या नफा-तोटा पत्रकात मात्र मायनॉरिटीचा नफा २१ लाखच दिसेल. कारण पुन्हा तीच मशिनं. ग्रुपने ती २०० लाखांनी वाढवली, तर घसाराही वाढीव किमतीवरच लागणार. उरलेलं आयुष्य पाच वर्षं धरलं तर दरवर्षी ४० लाख जादा घसारा. त्याच वेळी ५० लाखांच्या डिफर्ड टॅक्समधले १० लाख परत येतात. म्हणजे नफ्यातून निव्वळ ३० लाख गेले. १०० चे झाले ७०, त्याचे ३० टक्के २१.

गुडविलची वर्षाची ३२ लाखांची घट मायनॉरिटीला लावायची नाही. ज्याचं गुडविल त्याची घट. भाषांतरित पत्रकात ही घट 'डेप्रिसिएशन'च्या एकाच ओळीत मिसळलेली असते, आणि तिथेच अकाउंटंट चुकतो: ७० मधून ३२ वजा करून ३८ चे ३० टक्के काढतो. उत्तर ११.४० लाख येतं आणि ग्रुपच्या कुठल्याच आकड्याशी जुळत नाही. तुमचा आकडा ग्रुपपेक्षा कमी येत असेल आणि फरक गुडविलच्या घटीच्या बरोबर ३० टक्के, म्हणजे ९.६० लाख असेल, तर तुमच्याकडून हेच झालंय.

वर्षअखेर मायनॉरिटी २४० अधिक २१, म्हणजे २६१ लाख रुपये. वाढली. मग पत्रकात कमी का?

'ट्रान्सलेशन' हा शब्द त्या पीडीएफमध्ये दोन अर्थांनी वावरतो. मुखपृष्ठावर तो भाषांतराबद्दल आहे. भांडवलाच्या तक्त्यात 'करन्सी ट्रान्सलेशन डिफरन्स' अशी जी ओळ आहे, ती रुपयाचे आकडे युरोत मांडताना पडलेल्या फरकाची आहे. तुम्ही पाठवलेली चाचणी शिल्लक एकाच दराने युरोत जात नाही. कलम ३०८ए प्रमाणे मालमत्ता आणि देणी वर्षअखेरच्या दराने, नफा-तोटा वर्षाच्या सरासरी दराने, आणि भांडवल जेव्हाचं तेव्हाच्या दराने. तीन दर लावल्यावर दोन बाजू जुळणारच नाहीत. जुळत नाही ती रक्कम नफ्यात न घेता भांडवलातच या वेगळ्या ओळीवर ठेवतात.

वर्षअखेरचा दर ९० आणि सरासरी ८४ धरा. सुरुवातीची मायनॉरिटी ३,००,००० युरो. त्यात नफ्याचे २१ लाख रुपये भागिले ८४, म्हणजे २५,००० युरो आले. व्हायला हवे ३,२५,०००. पण शेवटी २६१ लाख भागिले ९०, म्हणजे २,९०,००० युरोच. मधले ३५,००० युरो रुपया घसरल्यामुळे गेले. साहेबांच्या खिशातून एक रुपयाही गेला नाही. त्यांचा हिस्सा रुपयात २१ लाखांनी वाढलाच आहे, फक्त मोजायची फूटपट्टी युरोची आहे आणि ती वर्षभरात लांब झाली. साहेबांसमोर बसताना दोन कॉलमचा कागद न्या, एकात रुपये, एकात युरो, आणि तीनच ओळी: सुरुवात, नफा, शेवट. युरोच्या कॉलममध्ये चौथी ओळ लागते आणि रुपयाच्या कॉलममध्ये ती लागत नाही, हे डोळ्यांनी दिसलं की पुढचं समजावायला लागत नाही. लाभांश दिला असेल तर साहेबांना मिळालेली रक्कम दोन्हीकडे वजा होईल, ती ओळ विसरू नका.

गुडविल रुपयात धरलंय की युरोत, हे मात्र तुम्हाला शोधून काढावं लागेल. युरोत धरलं असेल तर ४,००,००० मधून एका वर्षाचे ४०,००० जाऊन ३,६०,००० उरतात. रुपयात धरून वर्षअखेरच्या दराने बदललं असेल तर ३२० उणे ३२, म्हणजे २८८ लाख भागिले ९०, उत्तर ३,२०,०००. दोन्हीपैकी कुठला आकडा छापलाय त्यावरून पद्धत कळते. आयएफआरएसमध्ये ते उपकंपनीच्या चलनातच धरतात.

आता ॲडजस्टमेंट. वाढीव किमती, त्यांचा घसारा आणि कर हीदेखील ॲडजस्टमेंटच, पण ती आपण बघितली. उरलेल्यांमागचा विचार एकच: ग्रुप स्वतःलाच माल विकू शकत नाही आणि स्वतःलाच पैसे देणं लागू शकत नाही. तुम्ही जर्मनीला वर्षभरात केलेली विक्री तुमच्या विक्रीतून आणि त्यांच्या खरेदीतून काढून टाकतात. त्यांच्याकडून तुमचं येणं आणि त्यांच्या पुस्तकातलं तुमचं देणं एकमेकांसमोर पुसतात. याने नफा हलत नाही, फक्त आकडे लहान होतात. म्हणून तुमची विक्री ग्रुपच्या विक्रीत शोधून सापडत नाही, आणि त्याची काळजी करू नका.

नफा हलतो तो स्टॉकमुळे. तुम्ही डिसेंबरमध्ये ४० लाखांत बनवलेला माल ५० लाखांना जर्मनीला विकला आणि तो ३१ तारखेला त्यांच्या गोदामात पडून आहे. तुमच्या दृष्टीने १० लाख नफा झाला, बिल फाडलंय, एक्स्पोर्टचे कागदही झालेत. ग्रुपच्या दृष्टीने माल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. म्हणून त्यांच्या स्टॉकमधून १० लाख कमी करतात आणि त्यावर साधारण ३० टक्के, म्हणजे ३ लाखांचा डिफर्ड टॅक्स उभा करतात, कारण तो माल तिकडे विकला जाणार आणि जर्मनीतला कंपनी कर आणि व्यापार कर मिळून दर जवळपास तेवढा पडतो. हा नफा बुडालेला नसतो. पुढच्या वर्षी माल बाहेर विकला की तो परत येतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून सुरुवातीच्या स्टॉकमधला नफा आत घ्यायचा आणि शेवटच्या स्टॉकमधला बाहेर काढायचा, निव्वळ फरकच नफ्यावर पडतो.

वर २१ लाख काढले तेव्हा ही कपात मी धरली नव्हती. निव्वळ ७ लाखांची ही कपात साहेबांच्या वाट्यातही लावायची की पूर्ण जर्मन कंपनीच्या वाट्यात ठेवायची, याबद्दल ग्रुपचं स्वतःचं धोरण असतं. माल तुम्ही विकलाय, नफा तुमच्या पुस्तकातला आहे, म्हणून मला ती दोघांत वाटून लावणं जास्त पटतं. तसं केलं तर मायनॉरिटीचा नफा आणखी २.१० लाखांनी कमी होऊन १८.९० लाख येईल. तुमचा आकडा थोडक्यासाठी जुळत नसेल तर फरकाला ०.३० ने भागा आणि उत्तर न विकलेल्या स्टॉकमधल्या करानंतरच्या नफ्याएवढं येतं का बघा.

यासाठी त्यांना तुमचं मार्जिन कळावं लागतं, आणि ते पॅकेजमध्ये तुम्हीच भरता. इथे पूर्ण कंपनीचा ग्रॉस प्रॉफिट टक्का टाकून देऊ नका. जर्मनीला जाणाऱ्या पार्टची कॉस्ट शीट काढा. एका कंपनीत मी पाहिलं, एकूण मार्जिन २२ टक्के होतं पण होल्डिंगला जाणारा माल ठरलेल्या ट्रान्सफर प्राइसवर आठ टक्क्यांनीच जात होता. अकाउंटंटने २२ भरले. ग्रुपचा स्टॉक नको तेवढा कापला गेला, आणि त्या मार्जिनचा आकडा ट्रान्सफर प्रायसिंगच्या कागदांशी विसंगत निघाल्यामुळे दोन्ही देशांच्या सल्लागारांना खुलासे करत बसावं लागलं.

समुद्रातला माल हा वेगळाच त्रास. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर हॅम्बुर्गला पोचायला आठवडे लागतात, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली तेव्हा ती मुदत आणखी लांबली. तुम्ही बिल ऑफ लेडिंगच्या तारखेला विक्री धरली, त्यांनी माल गोदामात आल्यावर खरेदी धरली. ३१ डिसेंबरला तुमचं येणं ९० लाख आणि त्यांचं देणं ४० लाख, असं होतं. हा फरक 'कन्सॉलिडेशन डिफरन्स' म्हणून ढकलून देऊ नये. वाटेतला माल ग्रुपच्या स्टॉकमध्ये यायलाच हवा, तोही तुमच्या लागत किमतीला. त्यासाठी वर्षाच्या शेवटच्या सहा-आठ आठवड्यांतली इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंगच्या तारखा आणि इनकोटर्म यांची यादी पॅकेजसोबत पाठवा. कोणी मागत नाही, तरी पाठवा. माझ्या अनुभवात जानेवारीत जर्मनीहून येणाऱ्या निम्म्या ईमेल त्या एका यादीने थांबतात.

तुमच्याकडे खरं तर एक कागद नाही, आणि म्हणून हा सगळा गोंधळ आहे. तो म्हणजे खरेदीच्या दिवशीचा किंमत-वाटणीचा तक्ता, ज्याला पर्चेस प्राइस ॲलोकेशन म्हणतात. कुठल्या मालमत्तेची किंमत किती वाढवली, तिचं उरलेलं आयुष्य किती धरलं, कर किती लावला, हे त्यातच असतं. तो नसेल तर वरचे २०० लाख आणि पाच वर्षं तुम्हाला कुठूनच कळणार नाहीत, वार्षिक अहवालात ते सुटं छापलेलं नसतं. होल्डिंगच्या कंट्रोलरला सरळ लिहा की आमच्या कंपनीपुरता तक्ता, पहिल्या दिवसापासूनचा, आणि मायनॉरिटीची आमच्यापुरती फोड पाठवा. ग्रुपमध्ये दुसरी कुठली अर्धी-पाऊण मालकीची कंपनी असेल तर छापलेली मायनॉरिटी सगळ्यांची मिळून असते आणि फोड नसताना जुळवायला बसणं व्यर्थ. खरेदीपासून १२ महिन्यांत त्या किमती दुरुस्त करता येतात, म्हणून पहिल्या वर्षाच्या शेवटचा तक्ता पुन्हा मागा. पहिला मसुदा धरून बसलात तर दुसऱ्या वर्षी सगळं हलेल.

तक्ता आला की एक्सेलमध्ये मशिनवार शीट करा: तुमची पुस्तकी किंमत, ग्रुपची वाढ, दोन्हींचा घसारा. एखादं मशिन विकलं की त्याची उरलेली वाढही त्याच महिन्यात जायला हवी. तुमच्या पुस्तकात ३० लाखांचं मशिन ५० ला विकून २० लाख नफा दिसेल, पण ग्रुपकडे तेच मशिन ६० लाखांना असेल तर त्यांना १० लाख तोटा आहे. हे तुम्ही कळवलं नाही तर विकून गेलेलं मशिन ग्रुपच्या पुस्तकात घसारा खात पडून राहतं, आणि मायनॉरिटीचा आकडा कायमचा बिघडतो.

राहिला साहेबांचा न विचारलेला प्रश्न, जो ते विचारणार आहेत: म्हणजे माझ्या ३० टक्क्यांची किंमत २,९०,००० युरो का? नाही. ७० टक्क्यांना ८८० लाख मिळाले, त्याच भावाने ३० टक्क्यांचे ३७७ लाख होतात, आणि ताळेबंदात २६१ आहेत, कारण त्यांच्या वाट्याचं गुडविल कोणी मोजलेलंच नाही. आणि ३७७ हीसुद्धा किंमत नव्हे, कारण कंपनीचा ताबा मिळवणाऱ्या ७० टक्क्यांसाठी देणारा जास्त भाव देतो. उरलेले शेअर्स द्यायची वेळ आली तर शेअरहोल्डर करारातलं कलम बघायचं, आणि परदेशी खरेदीदाराला विकताना फेमाच्या नियमाप्रमाणे सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा सेबीकडे नोंदलेल्या मर्चंट बँकरने प्रमाणित केलेल्या रास्त किमतीपेक्षा कमी भावात देता येत नाही. त्या मूल्यांकनात ग्रुपच्या ताळेबंदातली मायनॉरिटीची ओळ कोणी उघडूनही बघत नाही. त्यांना तुमची पुढच्या पाच वर्षांची ऑर्डर बुक लागते, ती तयार ठेवा.